आलेख तोच, आवाज वेगळा

एका नाटकाचं ध्वनिमुद्रण दोन ठिकाणांहून केलं आहे असं समजा. एक माइक पहिल्या रांगेत आहे, दुसरा पार मागच्या रांगेत. नंतर संगणकावर दोन्ही मुद्रणांचा वारंवारता-आलेख काढला, म्हणजे कुठला सूर किती मोठा आला आणि कुठला दबला हे दाखवणारी रेषा काढली. दोन्ही रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या. उंचवटे त्याच जागी, खळगे त्याच जागी, खोलीही तीच. या आलेखावरून कुणीही म्हणेल की दोन्ही माइकनी सारखंच ऐकलं.

कान मात्र ते मान्य करत नाहीत. पहिल्या रांगेतल्या मुद्रणात प्रत्येक शब्दाची सुरुवात ठसठशीत आहे. मागच्या रांगेतल्या मुद्रणात 'क', 'ट', 'त' यांसारखी व्यंजनं आधी पुसट उमटतात आणि क्षणभराने ठळक होतात. पुढची अडचण आणखी मोठी आहे. पहिलं मुद्रण साध्या फिल्टरने पूर्ण दुरुस्त होतं. दुसऱ्याला त्याच पद्धतीचा उलटा फिल्टर लावला, तर आवाज काही क्षणांत फुगत जाऊन यंत्रणेची मर्यादा ओलांडतो.

सिग्नल प्रोसेसिंगमध्ये पहिल्या प्रकाराला मिनिमम-फेज प्रणाली म्हणतात. दुसऱ्या प्रकारात तिच्यावर एक ऑल-पास प्रणाली चढलेली असते. दोघींमधला फरक आवाजाच्या पातळीत सापडत नाही, तो वेळेत असतो. हा फरक नेमका कुठे असतो आणि तो ओळखायचा कसा, हे या एकाच उदाहरणातून पाहू.

दहा मिलिसेकंदांचं नाट्यगृह

खऱ्या नाट्यगृहात हजारो परावर्तनं असतात. आपण त्यांतली दोनच आगमनं धरू: नटाचा थेट आवाज आणि त्यानंतर 10 मिलिसेकंदांनी येणारा लाउडस्पीकरचा आवाज. ध्वनी 10 मिलिसेकंदांत साधारण 3.4 मीटर जातो, त्यामुळे हा आकडा काही अवाजवी नाही.

पहिल्या रांगेत नट जवळ असतो. तिथे थेट आवाजाची पातळी 1 धरली, तर मागून येणाऱ्या स्पीकरची 0.5 आहे. मागच्या रांगेत उलट परिस्थिती आहे. नटाचा थेट आवाज तिथे 0.5 इतकाच पोचतो आणि 10 मिलिसेकंदांनी स्पीकरचा आवाज 1 या पातळीने येतो. साउंड सांभाळणारी माणसं हा उशीर मुद्दाम ठेवतात. हेल्मुट हास यांनी 1949 साली गटिंगेन विद्यापीठातल्या प्रबंधात दाखवलं होतं, की दुसरा आवाज काही मिलिसेकंद उशिरा आला तर तो बराच मोठा असला तरी माणसाला आवाज पहिल्या दिशेनेच आल्यासारखा वाटतो. त्यामुळे स्पीकरचा आवाज दुप्पट असूनही प्रेक्षकाला शब्द रंगमंचावरूनच आल्याचं जाणवतं.

थोडक्यात, पहिल्या माइकला 'आधी 1, मग 0.5' असं मिळतं आणि मागच्या माइकला 'आधी 0.5, मग 1'. आकडे तेच आहेत, क्रम फक्त उलटा आहे.

आता दोन सूर तपासू. 100 हर्ट्‌झच्या सुराची एक लहर 10 मिलिसेकंदांची असते. त्यामुळे उशिरा आलेली प्रत मूळ लहरीवर शिखराला शिखर जुळवून बसते आणि दोन्ही माइकमध्ये बेरीज 1.5 होते. 50 हर्ट्‌झच्या सुरात मात्र 10 मिलिसेकंदांत अर्धीच लहर होते. शिखरावर दरी येते आणि वजाबाकी होते: पुढच्या माइकमध्ये 1 − 0.5 म्हणजे 0.5, मागच्या माइकमध्ये 0.5 − 1 म्हणजे −0.5. आलेखात फक्त पातळी दिसते, म्हणून दोन्हीकडे 0.5 च उमटतं. हाच खळगा 150, 250, 350 अशा प्रत्येक 100 हर्ट्‌झच्या अंतराने पुन्हा येतो. उंचवटा खळग्याच्या तिप्पट, म्हणजे साडेनऊ डेसिबलनी वर असतो.

फरक होता तो त्या उणे चिन्हात. पातळीचा आलेख काढताना ते चिन्ह आपण टाकून दिलं.

ग्रुप डिले: साध्या सरासरीने

एखादा सूर हळूहळू फुगतो आणि हळूहळू विरतो. त्या फुगवट्याचा मध्य प्रणालीतून बाहेर पडताना जितका उशिरा येतो, तितका त्या सुराचा ग्रुप डिले. वेगवेगळ्या सुरांचा ग्रुप डिले वेगवेगळा असू शकतो. तो सगळ्यांचा सारखा असेल तर आवाज नुसता उशिरा येतो, बिघडत नाही. तो असमान असेल तर एकाच शब्दातले सूर एकमेकांपासून सुटे होतात.

आपल्या उदाहरणातल्या उंचवट्यांवर आणि खळग्यांवर ग्रुप डिले काढायला शाळेतलं गणित पुरतं. प्रत्येक आगमनाची वेळ घ्यायची, तिला त्याच्या पातळीने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण पातळीने भागायचं. चिन्हं मात्र जपायची.

पुढचा माइक, 100 हर्ट्‌झ: (1 × 0 + 0.5 × 10) ÷ 1.5, म्हणजे 3.33 मिलिसेकंद. एक मोठा आवाज लगेच आला, एक लहान 10 मिलिसेकंदांनी आला, आणि सरासरी पहिल्याच्या बाजूला झुकली. इथपर्यंत मनाला पटतं.

पुढचा माइक, 50 हर्ट्‌झ: (1 × 0 − 0.5 × 10) ÷ 0.5, म्हणजे उणे 10 मिलिसेकंद.

मागचा माइक, 100 हर्ट्‌झ: (0.5 × 0 + 1 × 10) ÷ 1.5, म्हणजे 6.67 मिलिसेकंद.

मागचा माइक, 50 हर्ट्‌झ: (0.5 × 0 − 1 × 10) ÷ (−0.5), म्हणजे अधिक 20 मिलिसेकंद.

खळग्यातले हे दोन आकडे चमत्कारिक वाटतात. उणे 10 याचा अर्थ आवाज बोलण्याआधीच पोचला असा नाही. सुराची अगदी पहिली चाहूल नेहमी शून्य वेळेलाच येते. 50 हर्ट्‌झवर उशिरा आलेली प्रत मूळ सुरातून वजा होत असते. ती उशिरा आल्यामुळे फुगवट्याच्या शेवटच्या भागातून जास्त वजाबाकी करते, सुरुवातीच्या भागातून कमी. मागची बाजू कापली गेली की उरलेल्या फुगवट्याचा मध्य पुढे सरकतो, आणि तो अलीकडे आल्यासारखा दिसतो. मागच्या माइकमध्ये मोठी प्रत उशिराची आहे. तिच्यातून लवकर आलेली लहान प्रत वजा होते आणि फुगवट्याची पुढची बाजू खाते. म्हणून मध्य 10 मिलिसेकंदांच्याही पलीकडे, 20 वर जातो.

एकाच सुरात, एकाच खोलीच्या खळग्यात, दोन माइकमध्ये 30 मिलिसेकंदांचं अंतर पडलं. पातळीच्या आलेखात त्याचा मागमूस नाही.

वर्तुळाच्या आत आणि बाहेर

हा फरक 'झिरो' नावाच्या बिंदूंच्या जागेवरून एका नजरेत कळतो. जो सिग्नल आत दिला असता प्रणाली त्याला पूर्ण पुसून टाकते, बाहेर काहीच येत नाही, त्या सिग्नलची जागा म्हणजे झिरो.

पुढच्या माइकची वाट कुठला सिग्नल पुसेल? आताच्या आवाजात 10 मिलिसेकंदांपूर्वीच्या आवाजाचा अर्धा भाग मिसळतो. बेरीज सतत शून्य हवी असेल, तर प्रत्येक 10 मिलिसेकंदांनी सिग्नल निम्मा व्हायला हवा आणि त्याचं चिन्ह पालटायला हवं. म्हणजे तो विरत जाणारा सिग्नल आहे. मागच्या माइकमध्ये आताच्या आवाजाचा अर्धा भाग आणि 10 मिलिसेकंदांपूर्वीचा पूर्ण आवाज मिसळतो. तिथे पुसला जाणारा सिग्नल दर 10 मिलिसेकंदांनी दुप्पट व्हावा लागतो. म्हणजे तो फुगत जाणारा सिग्नल आहे.

डिजिटल सिग्नलच्या गणितात असे सगळे सिग्नल एका सपाट प्रतलावर मांडतात. मध्यबिंदूपासून 1 अंतरावर एक वर्तुळ काढतात, त्याला युनिट सर्कल म्हणतात. वर्तुळावर स्थिर सूर असतात, ना वाढणारे ना विरणारे, आणि वर्तुळावरून फिरत जाणं म्हणजे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत जाणं. विरणारे सिग्नल वर्तुळाच्या आत असतात, फुगणारे बाहेर. म्हणून पुढच्या माइकचे झिरो आत पडतात, मागच्याचे बाहेर.

मुद्रण सेकंदाला 48,000 नमुने घेऊन केलं असेल, तर 10 मिलिसेकंदांत 480 नमुने बसतात. पुढच्या वाटेचं सूत्र `1 + 0.5 z⁻⁴⁸⁰` असं होतं आणि मागच्या वाटेचं `0.5 + z⁻⁴⁸⁰`. दोन्हींना प्रत्येकी 480 झिरो आहेत. पहिल्याचे सगळे मध्यापासून 0.9986 अंतरावर, दुसऱ्याचे सगळे 1.0014 अंतरावर. वर्तुळाच्या रेषेला दोन्हीकडून इतके खेटून, की कागदावर काढले तर आत-बाहेर ओळखूही येऊ नये. दोन्हींच्या दिशा त्याच: 50 हर्ट्‌झ, 150 हर्ट्‌झ आणि पुढे.

आता वर्तुळावरून घड्याळाच्या उलट दिशेने चालत 50 हर्ट्‌झच्या झिरोजवळून जा. झिरोपासून तुमच्यापर्यंत एक बाण काढला, तर तुम्ही जवळून जाताना तो झपाट्याने वळतो. झिरो वर्तुळाच्या आत असेल तर तो तुमच्या डाव्या हाताला येतो आणि बाण एका दिशेने वळतो. झिरो बाहेर असेल तर तो उजव्या हाताला येतो आणि बाण नेमका उलट दिशेने वळतो. बाणाची लांबी पातळी ठरवते. दोन्ही बाबतींत लांबी सारख्याच प्रमाणात घटते, म्हणून खळगा तोच. बाणाच्या वळण्याचा वेग ग्रुप डिले ठरवतो. आतला झिरो तो घटवतो, बाहेरचा वाढवतो. उणे 10 आणि अधिक 20 हे आकडे तिथूनच आले.

काहीही न दाबणारा फिल्टर

मागच्या माइकच्या वाटेला पुढच्याच्या वाटेने भागलं, तर उरतो तो ऑल-पास भाग. त्याचा पातळीचा आलेख पूर्ण सपाट असतो. तो कुठलाही सूर वाढवत नाही की दाबत नाही, फक्त प्रत्येकाला वेगवेगळा उशीर लावतो. आपल्या उदाहरणात हा उशीर उंचवट्यांवर 3.33 मिलिसेकंद आहे आणि खळग्यांवर 30. सगळ्या सुरांवर सरासरी काढली तर ती नेमकी 10 मिलिसेकंद भरते. स्थिर ऑल-पास प्रणालीचा ग्रुप डिले कुठल्याही सुरावर उणे होत नाही. झिरो आतून बाहेर नेला की दर वेळी उशीर वाढतोच.

यातून एक सर्वसाधारण नियम निघतो. युनिट सर्कलवरच झिरो नसलेली अशी कुठलीही स्थिर प्रणाली दोन भागांत फोडता येते: पातळीचा तोच आलेख असणारा एक मिनिमम-फेज भाग आणि त्याला जोडलेला एक ऑल-पास भाग. त्याच आलेखाच्या सगळ्या प्रणालींमध्ये मिनिमम-फेज प्रणालीचा उशीर सर्वांत कमी असतो आणि तिची ऊर्जा सर्वांत लवकर बाहेर येते. आपल्या पुढच्या माइकमध्ये एकूण ऊर्जेपैकी 80 टक्के पहिल्याच आगमनात येते. मागच्या माइकमध्ये पहिल्या आगमनात फक्त 20 टक्के येते. व्यंजन आधी पुसट का वाटलं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

या विषयाचा पाया टेलिफोनच्या तारांवर घातला गेला. लांब पल्ल्याच्या तारेत वेगवेगळे सूर वेगवेगळ्या वेळी पोचत आणि बोलणं विस्कटे. 1928 साली सॅली पेरो मीड यांनी बेल सिस्टिमच्या नियतकालिकात या फेज-विकृतीवर आणि ती दुरुस्त करण्यावर लेख लिहिला. तारेत जे सूर लवकर येतात त्यांना थांबवून इतरांच्या बरोबरीला आणणं, ही त्यामागची कल्पना. ऑल-पास जाळी नेमकी हेच काम करते. पुढे बेल प्रयोगशाळेतल्या हेन्ड्रिक बोडे यांनी पातळी आणि फेज यांचं नातं पक्कं मांडलं. प्रणाली मिनिमम-फेज असेल तर पातळीच्या आलेखावरून तिचा फेज गणिताने काढता येतो, वेगळा मोजावा लागत नाही. मात्र ही खात्री मिनिमम-फेजपुरतीच आहे. बाहेर एक जरी झिरो असेल तरी पातळीचा आलेख अर्धीच गोष्ट सांगतो.

दुरुस्ती कुठे फसते

पुढच्या माइकच्या मुद्रणातून स्पीकरचा उशिराचा आवाज काढायचा आहे. त्याची अर्ध्या पातळीची प्रत 10 मिलिसेकंदांनी वजा करा. त्या वजाबाकीचीही एक प्रत उरते, ती पाव पातळीने मिळवा, मग तिचीही अष्टमांशाने वजा करा. 1, −0.5, 0.25, −0.125 असा हा क्रम झपाट्याने विरतो. शे-दीडशे मिलिसेकंदांत दुरुस्ती जवळपास पूर्ण होते आणि मूळ आवाज हाती येतो.

मागच्या माइकला हीच रीत लावा. पहिलं आगमन 0.5 आहे, ते 1 करायला 2 ने गुणा. मग दुसरं आगमन 2 पातळीचं झालं, ते पुसायला −4 हवेत. त्यातून उरलेलं पुसायला 8, मग −16. दर 10 मिलिसेकंदांनी दुप्पट. 100 मिलिसेकंदांत दुरुस्तीचा आकडा 2048 वर जातो. ही प्रणाली अस्थिर आहे, आणि यात कारागिराचा दोष नाही. झिरो उलटवला की त्याच जागी पोल येतो. पोल म्हणजे प्रणाली स्वतःहून ज्या सिग्नलने वाजत राहते त्याची जागा. वर्तुळाबाहेरचा पोल फुगत जाणाऱ्या सिग्नलनेच वाजतो.

मग बहुतेक लोक पातळीच्या आलेखाकडे वळतात. ईक्वलायझर घेऊन खळगे वर उचलतात, उंचवटे खाली आणतात आणि रेषा सपाट करतात. नेहमीचे ईक्वलायझर मिनिमम-फेज असतात, त्यामुळे ते फक्त मिनिमम-फेज भाग पुसतात. ऑल-पास भाग तसाच उरतो. गणित केलं तर मागच्या माइकमध्ये आता अशी आगमनं दिसतात: 0.5, मग 0.75, मग −0.375, मग 0.1875 आणि पुढे. आधी आवाजाच्या दोन प्रती होत्या, आता प्रतींची रांग लागली. पडद्यावरची रेषा मात्र एकदम सरळ आहे.

असा सपाट आलेख पाहून काम संपलं असं समजणं ही या क्षेत्रातली महागडी चूक आहे. 50 हर्ट्‌झचा खळगा वर उचलायला ॲम्प्लिफायरने जास्त ताकद ओतली, स्पीकर ताणला गेला, आणि 30 मिलिसेकंदांचा उशीर जागचा हलला नाही.

उलटं वाजवलेलं मुद्रण

मागच्या माइकचं मुद्रण वाचवता येत नाही असं नाही. मुद्रण पूर्ण झालेलं असेल तर एक सुंदर युक्ती आहे. फाइल उलटी करा, म्हणजे शेवटापासून सुरुवातीकडे वाजेल अशी. उलट्या वेळेत मोठी प्रत आधी येते आणि लहान नंतर. 'आधी 0.5, मग 1' याचं 'आधी 1, मग 0.5' होतं, म्हणजे अगदी पुढच्या माइकसारखं. त्याला पुढच्या माइकचा विरत जाणारा उलटा फिल्टर लावा आणि फाइल पुन्हा सुलटी करा. वेळ उलटवली की बाहेरचे झिरो आत येतात, आणि अस्थिरतेचा प्रश्नच राहत नाही.

थेट प्रक्षेपणात फाइल उलटी करता येत नाही, पण थोडं थांबता येतं. 80 मिलिसेकंदांचा उशीर पत्करला तर आपल्या उदाहरणात दुरुस्तीनंतर उरणारी चूक मूळच्या 256 वा भाग, म्हणजे साधारण 48 डेसिबल खाली असते. आणखी 10 मिलिसेकंद थांबलात तर ती निम्मी होते. बाहेरच्या झिरोंची दुरुस्ती करायची तर वेळ मोजावा लागतो, दुसरा मार्ग नाही.

याची आणखी एक किंमत आहे, ती कानाला कळते. नटाच्या थेट आवाजाची खरी पातळी 0.5 ऐवजी 0.6 होती असं समजा. मग दुरुस्त मुद्रणात मूळ शब्दाच्या 10 मिलिसेकंद आधी त्याची एक दशांश पातळीची सावली येते, म्हणजे फक्त 20 डेसिबल खाली, आणि तिच्याही आधी आणखी फिकट सावल्या. मोठ्या आवाजानंतर येणारा लहान आवाज कान बराचसा झाकून टाकतो. आधी येणारा लहान आवाज मात्र तो सहजासहजी झाकत नाही. त्यामुळे शब्द येण्याआधीच त्याची चाहूल ऐकू येते, आणि तशी निसर्गात कधी येत नसल्यामुळे ती फार खटकते.

नट दोन पावलं सरकला की 10 मिलिसेकंदांचे 8 होतात आणि सगळी जुळणी बदलते. खऱ्या खोलीत झिरो हजारो असतात. 1979 साली नीली आणि ॲलन यांनी खोलीच्या आवाजाचा प्रतिसाद उलटवता येतो का याचा अभ्यास प्रसिद्ध केला. भिंती आवाज बराच शोषून घेत असतील तर प्रतिसाद मिनिमम-फेज राहतो, पण भिंतींचं परावर्तन वाढलं की तसा राहत नाही, असं त्यांना आढळलं. आपल्या घुमणाऱ्या सभागृहांमध्ये म्हणूनच सरसकट दुरुस्ती चालत नाही.

ओळखायचं कसं

हे मोजता येतं, आणि साधनं आता घरगुती संगणकावर मिळतात. स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत सरकणारा सूर वाजवायचा, माइकने टिपायचा, आणि त्यावरून सॉफ्टवेअर पातळी आणि फेज दोन्ही काढतं. मग ते फक्त पातळीवरून, बोडे यांच्या नात्याने, मिनिमम-फेज प्रणालीचा ग्रुप डिले काय असायला हवा होता ते काढतं आणि मोजलेल्या ग्रुप डिलेतून वजा करतं. उरतो तो जादा ग्रुप डिले, म्हणजे ऑल-पास भागाचा उशीर. रूम ईक्यू विझार्ड या मोफत प्रोग्रॅममध्ये हा आलेख थेट दिसतो.

वाचण्याची रीत सोपी आहे. रेषा सपाट असेल तर त्या पट्ट्यात प्रणाली मिनिमम-फेज आहे आणि ईक्वलायझर पातळीबरोबर वेळही दुरुस्त करेल. सपाट रेषा वर उचललेली असली तरी हरकत नाही. माइक स्पीकरपासून दूर आहे एवढाच त्याचा अर्थ. रेषेत टोकदार उंचवटे असतील तर तिथे झिरो वर्तुळाबाहेर आहेत. आपल्या पुढच्या माइकची ही रेषा शून्यावर सपाट पडेल. मागच्या माइकची दर 100 हर्ट्‌झला 3.33 वरून 30 मिलिसेकंदांवर उसळेल.

प्रत्येक ऑल-पास वाईट असतो असं मात्र नाही. 1978 साली ब्लाउअर्ट आणि लॉज यांनी ग्रुप डिलेतला फरक कानाला कधी कळतो ते तपासलं. 1000 हर्ट्‌झजवळ ही मर्यादा साधारण 2 मिलिसेकंद आली, 2000 हर्ट्‌झजवळ 1 मिलिसेकंद. चांगल्या स्पीकरमध्ये खर्जाचा आणि तिपेचा आवाज वेगळा करणारा लिंकविट्झ-राइली क्रॉसओव्हर असतो. त्याच्या प्रचलित चौथ्या श्रेणीच्या रूपात दोन्ही भागांची बेरीज ऑल-पास होते. 2000 हर्ट्‌झवर विभागणी असेल तर त्याचा उशीर पाव मिलिसेकंदाच्या आसपास राहतो, कानाच्या मर्यादेच्या बराच आत. तिथे दुरुस्तीच्या मागे लागून शब्दाआधीच्या सावल्या ओढवून घेण्यात अर्थ नाही. नाट्यगृहातले 30 मिलिसेकंद ही वेगळी गोष्ट आहे.

म्हणून सभागृहाचं, स्टुडिओचं किंवा घरच्या खोलीचं ध्वनिसंयोजन करणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती. पातळीच्या आलेखातला खळगा भरायला हात लावण्याआधी जादा ग्रुप डिलेचा आलेख उघडून पाहा. तिथे रेषा सपाट असेल तर खुशाल ईक्वलायझर लावा. ती उसळलेली असेल आणि उसळी कानाला कळण्याइतकी मोठी असेल, तर ईक्वलायझर बाजूला ठेवा. माइकची जागा बदला, स्पीकरची दिशा बदला, भिंतीवर आवाज शोषणारं आवरण लावा, ज्यामुळे थेट आवाज पुन्हा मोठा आणि परावर्तित आवाज लहान होईल. वर्तुळाबाहेर गेलेले झिरो आत आणण्याचा तोच सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.